परदेशी क्लायंटचे मेसेज दिवसातून दोनदाच बघायचे, चालेल का?

नाशिककर: मी घरूनच ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइट सांभाळतो. एक क्लायंट बॉस्टनचा, एक लंडनचा. रात्री एक-दीडपर्यंत फोन वाजत असतो. आता ठरवतोय की मेसेज सकाळी ९ ते पावणेदहा आणि संध्याकाळी ५ ते ६ एवढ्याच वेळात उघडायचे, आणि तसं दोघांना आधीच कळवायचं. हे टिकतं का? की क्लायंट दुरावतात?

स्पष्टच_बोलतो: दुरावतात. नवीन काम विचारणारा माणूस एकाच वेळी तिघाचौघांना मेसेज टाकतो, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याच्याशी बोलणं सुरू करतो. तुमचं उत्तर सकाळी नऊला जाईल तोवर बॉस्टनला मध्यरात्र होत आलेली असते. वेळा पाळायच्या तर नोकरी बरी.

रिमोटवाली: नव्या चौकशीबाबत हे खरं आहे, पण नाशिककर जुन्या क्लायंटबद्दल विचारताहेत. त्यांना दोन वेळा पुरतात. मला खटकतेय ती संध्याकाळची वेळ. ५ ते ६ म्हणजे उन्हाळ्यात बॉस्टनला सकाळचे साडेसात ते साडेआठ. माणूस ऑफिसात पोचण्याआधीच तुमचं दार बंद!

समजा, सोमवारी दुपारी तीनला तिकडून मेसेज आला, ‘शिपिंगचा दर चुकतोय.’ आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा. मंगळवारी सकाळी नऊला तुम्ही विचारता, ‘कुठल्या पत्त्याला? कार्टमध्ये काय होतं?’ ते हे वाचतात मंगळवारी त्यांच्या नऊला, म्हणजे आपल्या साडेसहाला. लगेच उत्तर देतात, पण तुम्ही सहालाच उठलात. ते उत्तर तुम्हाला दिसतं बुधवारी सकाळी. दुरुस्ती केलीत तरी त्यांना ती कळते बुधवारी त्यांच्या नऊला. दहा मिनिटांच्या कामाला जवळजवळ दोन दिवस. तीच वेळ साडेसहा ते साडेसात ठेवलीत तर मंगळवारीच प्रश्न, उत्तर, दुरुस्ती सगळं समोरासमोर उरकतं. लंडनला तेव्हा दुपारचे दोन-तीन, त्यांनाही सोयीचं.

सकाळच्या वेळेत लिहिताना अर्धा प्रश्न पाठवू नका. ‘पत्ता अमेरिकेबाहेरचा असावा असं धरून बदल टेस्ट साइटवर केलाय, तुम्ही हो म्हणालात की लाइव्ह करतो,’ असं लिहिलं की समोरच्याला फक्त हो म्हणायचं उरतं.

सातारी: मग साडेसहा कायमचे पक्के करा की. आपलं घड्याळ कुठे बदलतं?

रिमोटवाली: आपलं नाही बदलत, त्यांचं बदलतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. हिवाळ्यात आपले साडेसहा म्हणजे बॉस्टनचे आठच. तेव्हा साडेसात ते साडेआठ बसावं लागतं. लंडनच्या तारखा वेगळ्या, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे एकाचं बदललेलं असतं आणि दुसऱ्याचं नाही. मीटिंग चुकतात त्या तेव्हाच. म्हणून वेळ कळवताना ‘EST’ लिहू नका, उन्हाळ्यात तो एक तासाने चुकतो. ‘बॉस्टनचे सकाळी ९’ असं लिहा.

नाइटशिफ्ट: आमच्याकडे सपोर्टला पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचा करार आहे. दोन वेळा म्हटलं तर त्याच दिवशी घरी बसवतील.

रिमोटवाली: तुमच्याकडे पाळीला माणसं आहेत आणि त्या पंधरा मिनिटांचेच पैसे मिळतात. नाशिककर एकटे आहेत. त्यांनी एवढंच कबूल करावं: ‘तुमच्या संध्याकाळी ६ पर्यंत आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी तुमच्या ९ च्या आत उत्तर मिळेल.’ ‘चोवीस तासांत’ म्हणू नका, ते कुठून मोजायचे यावर वाद होतात. साइट बंद पडली किंवा पेमेंट होत नसलं तरच फोन करायचा, कितीही वाजले असोत. फोनच्या सेटिंगमध्ये त्या दोन नंबरांना मोकळीक द्या, बाकी सगळं रात्री गप्प.

स्पष्टच_बोलतो: कागदावर छान आहे. माझा एक क्लायंट बॅनरचा रंग बदलायलाही रात्री दोनला फोन करायचा. आणि साडेसहा-साडेसात म्हणजे मुलांच्या अभ्यासाची, जेवणाची वेळ. रात्र वाचवली आणि संध्याकाळ विकली, एवढंच झालं.

रिमोटवाली: संध्याकाळ जाते, हे मान्य. मी ती देते, कारण त्या तासानंतर फोन बघावा लागत नाही. रंगासाठी फोन आला तर ‘सकाळी करतो’ म्हणून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तीच अट लेखी पाठवायची. तरी फोन येतच राहिले तर रात्रीच्या कामाचा वेगळा दर लावा.

नाशिककर: वेळ बदलतो. पण शुक्रवारचं काय? बॉस्टनला शुक्रवारी दुपारी आलेला मेसेज आपल्याकडे शनिवारी पहाटे पडतो.

रिमोटवाली: मी शनिवारी सकाळची वेळ उघडी ठेवते आणि सोमवारची सकाळ सोडते. तेव्हा तिकडे रविवारची रात्र असते, बॉस्टनहून फारसं काही आलेलं नसतं.

स्पष्टच_बोलतो: मी शनिवार देणार नाही. शुक्रवारी दुपारनंतरचं सोमवारी बघतो, असं आधीच सांगून टाका.