आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आज २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. शाळकरी दोस्तांनो, ही माझी आवडती म्हण.

आड म्हणजे अरुंद, गोल विहीर. आत उतरायला पायऱ्या नसतात, म्हणून दोराला पोहरा बांधून खाली सोडायचा. सोलापुरात आमच्या आजोळच्या वाड्यात आड होता. उन्हाळ्यात पोहरा तळावर टण्णकन आपटायचा आणि वर यायचा तो नुसता गाळ घेऊन. मी आणखी दोर सोडायला लागलो की आजी म्हणायची, "अरे, आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" मुळातच जे नाही, ते बाहेर कसं निघेल? वर्षभर पुस्तक उघडलं नाही आणि पेपर कोरा गेला, की ही म्हण चपखल बसते.

तुमच्या घरची म्हण खाली लिहा. कोण, कधी म्हणतं तेही सांगा.

आठवीतली मी: मला वाटायचं आड म्हणजे आडोसा. दाराआड म्हणतो ना, तसं. लपवलेली वस्तू सापडत नाही, असा अर्थ लावला होता मी!

जुळे सोलापूर: म्हणजे 'खाण तशी माती'च की. बाप तसा पोरगा.

निवृत्त मास्तर: अर्धं बरोबर. 'खाण तशी माती'त सारखेपणा आहे, चांगलाही चालतो. आडाच्या म्हणीत नसणंच हवं. आणि पोरानं अभ्यास केला, पण पेपरात आठवलं नाही, तर ही म्हण लावू नका. तिथं आडात पाणी होतं, दोर तुटला.

अक्कलकोट रोड: काय बे, पाण्याचं काढलंच आहे तर सांगतो. उजनी भरलेली, आमचा नळ मात्र आज चौथा दिवस कोरडा. लावू का ही म्हण?

निवृत्त मास्तर: नाही लागत. आड भरलेला आहे, पोहराच रिकामा येतोय.

अक्कलकोट रोड: मग आमच्यासाठी कुठली?

नातवंडांची आजी: 'धरण उशाला, कोरड घशाला.'

जुळे सोलापूर: ती म्हण कुठंय आजी, पेपरातला मथळा आहे तो.

नातवंडांची आजी: मथळा असू दे. मी घागर घेऊन रांगेत उभी असते तेव्हा तोंडातून तेच निघतं.

निवृत्त मास्तर: उशाला-घशाला यमक तर म्हणीचंच आहे. जुनी किती, ते मात्र मी छातीठोक सांगणार नाही.

आठवीतली मी: सर, पोहऱ्यातला तो 'ऱ्य' मोबाइलवर कसा टाईप करायचा? माझा 'पोहर्यात'च होतोय.