मदत हवी आहे: टाइमलॅप्सच्या नादात पितळी समई गुलाबी झाली!

अनघा_ठाणे:
गणपतीला चार दिवस राहिलेत आणि मी उद्योग करून बसले आहे. देवाची भांडी उजळताना टाइमलॅप्स काढायचा होता. चिंचेच्या कोळात काही दिसत नाही, म्हणून मोठ्या काचेच्या भांड्यात गरम पाणी, चार लिंबांचा रस आणि मूठभर मीठ घातलं. त्यात तांब्याचं ताम्हण आणि पितळेची छोटी समई एकत्र सोडली. समई कलंडत होती म्हणून तिला स्टीलचा चमचा टेकवला. रात्री दहा ते सकाळी सहा, दर ३० सेकंदांना एक फोटो. व्हिडिओ ३२ सेकंदांचा झाला.

सकाळी ताम्हण लख्ख, पण समई तांब्यासारखी गुलाबी! चमच्याजवळ तर जास्तच. आईची समई आहे हो. पिवळी होईल का परत?

मिलिंद_नाशिक:
समईवर नुसता पिवळा मुलामा असणार, तो गेला. हल्ली अस्सल पितळ मिळतं कुठे?

अनघा_ठाणे:
दादा, चाळीस वर्षं जुनी आहे आणि उचलायला चांगली जड आहे. मुलामा नाही.

सुधाकाका:
अस्सल पितळ आहे म्हणूनच गुलाबी झालं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी विरघळतं, वर तांबं उरतं. शिवाय शेजारी ताम्हण होतं, त्याचं थोडं तांबं पाण्यात उतरलं असणार. अशा पाण्यात लोखंड किंवा स्टील टेकलं की ते तांबं पितळेवर चढतं. चमच्याजवळ रंग गडद आहे, त्यावरून मला तरी तोच संशय.

तुमच्याकडे फोटो आहेतच, तर गुलाबी झाक केव्हा आली ते बघून सांगा.

रेवा_के:
आमच्या चांदीच्या टाकांना काळे डाग पडलेत. तेही लिंबात टाकले तर चालतील का?

सुधाकाका:
नाही रेवाताई, चांदीचं काळेपण वेगळं. टाक यात बुडवू नका, मऊ फडक्यावर थोडी दातांची पांढरी पावडर घेऊन हलक्या हाताने पुसा. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

अनघा_ठाणे:
बघितलं! विसाव्या फोटोत, म्हणजे दहा मिनिटांनी, समई मस्त पिवळी आहे. नव्वदाव्या फोटोत गुलाबी झाक स्पष्ट दिसते. म्हणजे पाऊण तासात घोळ झाला, उरलेले सव्वासात तास मी उगाच जागरण केलं.

ओंकार_फोटो:
आधी खात्री करा की रंग कॅमेऱ्याने बदललेला नाही. फोन आपोआप रंग जुळवत राहतो, रात्रीचे दिवेही बदलतात. समई खिडकीशी न्या आणि न धुतलेल्या निरांजनाशेजारी ठेवून डोळ्यांनी बघा.

अनघा_ठाणे:
डोळ्यांनाही गुलाबीच 😔

सुधाकाका:
मग आता लिंबू-चिंच बंद. परत बुडवलीत तर आणखी गुलाबी होईल. वस्त्रगाळ राख किंवा बारीक चाळलेली रांगोळी ओल्या सुती फडक्यावर घ्या आणि एकाच दिशेने घासा. थर पातळ असेल तर पिवळा रंग खालून वर येईल. तारेची घासणी नको, ओरखडे बसतात. समईच्या घड्या असलेल्या भागात जुना मऊ ब्रश फिरवा.

दोनदा घासूनही गुलाबी राहिलं किंवा बारीक खड्डे दिसले, तर थांबा आणि पॉलिशवाल्याला दाखवा. घरच्या उपायाने ते भरून निघत नाही.

कुंदाताई:
आमच्याकडे चिंच दोन-तीन मिनिटांवर कधीच ठेवत नाहीत, आणि तांबं-पितळ वेगवेगळं घासतात. तेलकट समईला आधी गरम पाणी आणि साबण, नाहीतर आंबट धातूपर्यंत पोचतच नाही. शेवटी भरपूर पाण्याने मीठ काढून लगेच कोरडं करायचं. मीठ राहिलं की हिरवट कळक धरतो. पण काका, स्टीलचं मला पटत नाही. एकदा समई नुसतीच आंबटात रात्रभर राहिली तर तीही गुलाबी झाली होती, चमचाबिमचा नव्हता.

सुधाकाका:
असेलही. दोन्ही कारणं एकत्र असतील.

ओंकार_फोटो:
नवा व्हिडिओ ताम्हणाचा काढा. अर्ध्या भागावरच कोळ लावा, म्हणजे मधली रेघ दिसते. दर सेकंदाला एक फोटो, दहा मिनिटं: ६०० फोटो, २० सेकंदांचा व्हिडिओ. पण कोळ दोन-तीन मिनिटांतच पुसा, उरलेल्या वेळात घासणं-धुणं दाखवा. आयफोन असेल तर ताम्हणावर बोट दाबून धरा, AE/AF LOCK आलं की उजेड उड्या मारणार नाही. आणि खिडकीवर पांढरं धोतर लावा, नाहीतर ताम्हणात तुम्हीच दिसाल.

अनघा_ठाणे:
राखेने घासली. वरचा दीपपात्राचा भाग पिवळा झाला! खाली, चमचा टेकला होता तिथे, अजून बोटभर गुलाबी डाग आहे. उद्या पुन्हा घासून बघते. आईला अजून सांगितलेलं नाही.