१६०० मीटरसाठी क्रिएटिन, बीटा-अलानिन आणि वरून सोडा: काही वाढतं का खरंच?

शिरपूरचा भरतीवाला: पोलीस भरतीचं मैदान अडीच महिन्यांवर आलंय. वजन ६४ किलो. १६०० मीटरला ५ मिनिटं २८ सेकंद लागतात, ५:१० च्या आत आणायचेत. प्री-वर्कआउटचा डबा चालू आहे, त्यात क्रिएटिन आणि बीटा-अलानिन दोन्ही आहेत. अकॅडमीतली पोरं म्हणतात वरून खायचा सोडा घे. तिन्ही एकत्र घेतले तर फायदा वाढतो का?

तालीमवाला, जळगाव: भाऊ, डबा घेतल्यावर कानाला, चेहऱ्याला मुंग्या येतात ना? मग माल लागू पडतोय. सोड्याच्या नादी लागू नको. क्रिएटिन मात्र सोडू नको, सगळ्यात खात्रीचं तेच.

धावपट्टी, धुळे: क्रिएटिनचं बरोबर, मुंग्यांचं नाही. बीटा-अलानिन एका वेळी ग्रॅमभर पोटात गेलं की कातडीत मुंग्या येतातच. त्याचा पायातल्या ताकदीशी संबंध नाही. ते काम करतं स्नायूत कार्नोसिन साठवून, आणि तो साठा व्हायला रोज ३ ते ६ ग्रॅम, किमान चार आठवडे लागतात. डब्याच्या मागे वाच. माझ्या डब्यात चमच्याला १.६ ग्रॅम होतं, क्रिएटिन जेमतेम १ ग्रॅम. तेही व्यायामाच्या दिवशीच, म्हणजे आठवड्यातून चारदा. असा साठा भरायला वर्ष जाईल. मुंग्या मात्र पहिल्या दिवसापासून. आणि मागे नुसतं 'ब्लेंड ६ ग्रॅम' लिहिलं असेल तर कशाचं किती हे बनवणाऱ्यालाच ठाऊक.

त्या डब्यात तुला जे जाणवतं ते बहुतेक कॅफिन आहे. ते खोटं नाही, पण कडक कॉफीनेही जमतं. बीटा-अलानिन वेगळं घे, दिवसातून चार वेळा ०.८ ग्रॅम, जेवणासोबत. साडेपाच मिनिटांच्या धावेत त्याचा उपयोग होतो, पण फरक थोडाच. तुझे १८ सेकंद पावडरीने भरून निघणार नाहीत, इंटरव्हलने निघतील.

भुसावळची ताई: खायचा सोडा म्हणजे आपण पापडाला घालतो तो खार का? तो तर घरात डबाभर पडलाय.

धावपट्टी, धुळे: नाही ताई, तो चमच्याने कुणाला देऊ नका! पापडखारात कार्बोनेट असतं, ते घशाला-पोटाला जाळतं. इथे भज्यांत टाकतो तो सोडा, सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडरही नाही.

बॅच नंबर ७: सोड्याचं माझ्याकडून ऐका. ६८ किलोला २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे, पाण्यात ढवळून पहाटे ५ ला प्यायलो, कारण बॅच साडेसहाला म्हणाले होते. कागदपत्रं, छातीचं माप, रांग, करत करत पळायला साडेनऊ वाजले. तोवर तीनदा संडासला जाऊन आलो होतो. मैदानावर पाण्याचा टँकर, आणि मी आपला रांगेतून पोट धरून. धावलो ते रिकाम्या पायांनी.

नाशिकहून नंदुरबारी: हा सोड्याचा दोष नाही, वेळेचा आहे. ज्याची धाव ठरलेल्या वेळी आहे त्याला सोडा चालतो. बीटा-अलानिन स्नायूच्या आत आम्ल झेलतं, सोडा बाहेर रक्तात, म्हणून दोन्ही एकत्र घेण्यात अर्थ आहे. मी स्पर्धेत किलोला ०.२ ग्रॅम घेतो, तासाभरात थोडं थोडं, भात-केळ्यासोबत, आणि धावेआधी दोन तास संपवतो. सरावात चार वेळा करून पाहिलं, मगच.

धावपट्टी, धुळे: तत्त्व मान्य. पण बीटा-अलानिनवर सोडा घेतल्याने आणखी किती मिळतं, तर कधी थोडं, कधी काहीच नाही. शिवाय ६४ किलोला ०.३ ग्रॅमच्या हिशेबाने १९ ग्रॅम, त्यात पाचेक ग्रॅम सोडियम. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल त्याने हात लावू नये. भरतीत बॅचची वेळ तुझ्या हातात नाही, म्हणून सोडा तुझ्यासाठी नाही.

तालीमवाला, जळगाव: मग क्रिएटिनही नको म्हणशील?

धावपट्टी, धुळे: इथे मलाच अडकायला होतं. गोळा आणि १०० मीटरला ते उपयोगी. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं की महिनाभरात साठा भरतो. पण स्नायूत पाणी धरून वजन किलोभर वाढू शकतं, आणि ते १६०० ला चार फेऱ्या वाहायचं. शाकाहारी पोराचा साठा मुळात कमी, त्याला लाभ जास्त. मी असतो तर आता चालू केलं असतं आणि दर रविवारी घड्याळ लावून पळालो असतो.

नाशिकहून नंदुरबारी: मी नसतं केलं. १६०० ला २० गुण, गोळ्याला १५.

शिरपूरचा भरतीवाला: डबा उलटा करून पाहिला. बीटा-अलानिन २ ग्रॅम, क्रिएटिनचा आकडाच नाही, ब्लेंडमध्ये घातलंय. आणि मी गोळ्यात ७.२ मीटरवर अडकलोय, हे आधी सांगायचं राहिलं.

तालीमवाला, जळगाव: मंग सांग ना भो, तेच तर खरं दुखणं शे!