महिनाभरात एकही होकार नाही : भावाचे प्रोफाइल कोणत्या क्रमाने तपासावे?

प्रेषक : मांजलपूरची सभासद

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा असून इथेच बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उत्पादन विभागात अभियंता आहे. बत्तीस दिवसांपूर्वी त्याने लग्न जुळवणाऱ्या एका ॲपवर नाव नोंदवले आणि तीन महिन्यांचे पैसेही भरले. तेव्हापासून त्याने ६१ मुलींना इंटरेस्ट पाठवले. त्यांतील एकीचाही होकार आला नाही, आणि मला जास्त खटकते ते हे की नकारही जेमतेम दोनच आले. बाकी सगळीकडे नुसती शांतता आहे. आपणहून विचारणा झाली ती एकच, आणि तीही मराठी घरातून नव्हती. आई आता म्हणू लागली आहे की त्याच्यातच काहीतरी उणे असेल, आणि तो ते मुकाट्याने ऐकून घेतो. प्रोफाइलमध्ये नेमके काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? त्याच्या परवानगीने प्रोफाइलचा दुवा खाली जोडला आहे.

प्रेषक : रावपुऱ्यातील काका

ताई, दुवा उघडून पाहिला. पहिलाच फोटो लक्ष्मी विलास राजवाड्यासमोरचा आहे. त्यात राजवाडा पूर्ण दिसतो, घुमटही दिसतो, पण मुलगा ज्वारीच्या दाण्याएवढा दिसतो. शिवाय ॲप फोटोचा चौकोन कापते, त्यामुळे यादीत त्याचे कपाळच नाहीसे झाले आहे. दोष इथेच आहे. आमच्या पुतण्याचे फोटो आम्ही स्टुडिओत नव्याने काढून घेतले आणि पंधरवड्यात विचारणा सुरू झाली. फोटो बदला, आणि यादीत वर दाखवण्यासाठी जे जादा पैशांचे पॅकेज असते तेही घ्या, म्हणजे लगेच फरक दिसेल.

प्रेषक : दांडिया बाजारातील आजोबा

चि. ताईस आशीर्वाद. जुळत नाही असे आपण लिहिले आहे, परंतु छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते लिहिलेले नाही. अठरापेक्षा कमी गुण असतील तर पुढे जाऊ नये असा प्रघात आहे, आणि नाडी एक आली तर तिथेच आठ गुण जातात. मुलाची जन्मवेळ रुग्णालयाच्या कागदावरून पडताळून घ्यावी; आपल्याकडे ती पुष्कळदा अंदाजाने लिहिलेली असते. पत्रिका पाठवल्यास मी पाहून देईन.

प्रेषक : मंडळाची वधू-वर नोंदवही पाहणाऱ्या काकू

आजोबांचे म्हणणे जन्मवेळेपुरते योग्यच आहे, पण ताईंची अडचण पत्रिकेपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधीची आहे. अजून समोरून कोणी पत्रिका मागितलेलीच नाही.

ताई, काही बदलण्याआधी ॲपमधून एक आकडा काढून पाठवा : या बत्तीस दिवसांत त्याचे प्रोफाइल एकूण किती जणांनी उघडले, आणि ज्या ६१ मुलींना इंटरेस्ट गेले त्यांच्यापैकी किती जणींनी उघडले. तीनशे जणींनी उघडून पाहिले असेल आणि तरी होकार शून्य असेल, तर दोष आत, म्हणजे फोटोत, मजकुरात किंवा अपेक्षांत शोधावा लागतो. दहा-पंधरा जणींनीच उघडले असेल, तर मुलगा नापसंत झाला असे म्हणण्याला काही आधारच उरत नाही, कारण त्याला कोणी पाहिलेलेच नसते. या दोन्ही आजारांवर औषधे वेगळी आहेत, आणि लोक बहुतेक वेळा दुसऱ्या आजाराला पहिल्याचे औषध देतात.

रावपुऱ्यातील काकांचे फोटोबद्दलचे निरीक्षण अचूक आहे आणि फोटो बदलायचाच आहे, परंतु तो चार दिवसांनी बदला. एकाच दिवशी सगळे बदलले तर गुण कशाने आला हे पुढे कधीच कळत नाही. जादा पैशांचे पॅकेज तर आत्ता मुळीच घेऊ नका.

दुसरे काम असे. नात्यातली एखादी मुलगी त्याच ॲपवर खरोखर स्थळे पाहत असेल, तर तिला तिच्या फोनवर त्याला शोधायला सांगा. आधी प्रोफाइल क्रमांकाने शोधावे, मग क्रमांक न वापरता, जशी ती एरवी स्थळे शोधते तसे शोधावे. त्यासाठी खोटे खाते मात्र कृपा करून उघडू नका.

प्रेषक : मांजलपूरची सभासद

काकू, तुम्ही सांगितले तसे केले. बत्तीस दिवसांत प्रोफाइल एकूण १४ वेळा उघडले गेले आहे, आणि इंटरेस्ट पाठवलेल्या ६१ जणींपैकी फक्त नऊ जणींनी ते उघडले.

आमची मावसबहीण पुण्यात असते आणि तिचे नाव त्याच ॲपवर आहे. काल रात्री ती तिकडे फोन घेऊन बसली आणि मी इकडे वही घेऊन बसले. क्रमांक टाकल्यावर भाऊ लगेच सापडला, म्हणजे प्रोफाइल बंद किंवा लपवलेले नाही. मग तिने आपले नेहमीचे निकष लावले : मातृभाषा मराठी, वय २८ ते ३३, महाराष्ट्र आणि गुजरात, पदवीधर, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपासून पुढे. यादी शेवटपर्यंत पाहिली, पण तो तिच्यात नव्हता. तुम्ही म्हणालात तसे एका वेळी एकच बदलायचे म्हणून तिने आधी उत्पन्नाची अट काढली, तरी तो दिसला नाही. मग ती अट परत लावून मातृभाषेची अट काढली, तरीही नाही. शेवटी दोन्ही काढल्या तेव्हा कुठे तो दिसला.

त्याच्या प्रोफाइलमध्ये मातृभाषा गुजराती आहे! नोंदणी करताना राज्य गुजरात निवडल्यावर त्या खान्यात गुजराती आपोआप भरले गेले आणि तो पुढे गेला. पुढे जातीच्या यादीत आपली जात दिसेना, म्हणून त्याने 'इतर' निवडले. उत्पन्नाचा रकाना त्याने संकोचाने कोरा ठेवला आहे. आता मातृभाषेचा खाना बदलू पाहतो, तर ॲप बदलू देत नाही.

प्रेषक : नोंदवही पाहणाऱ्या काकू

ताई, म्हणजे दोन दारे एकाच वेळी बंद होती, म्हणून एक उघडून काहीच उपयोग झाला नाही. बडोद्यातल्या मराठी घरांच्या बाबतीत पहिले दार मी याआधीही असे बंद झालेले पाहिले आहे. आपला मुलगा घरात मराठी बोलतो, कारखान्यात गुजराती बोलतो, पत्ता गुजरातचा असतो, आणि तो खाना भरलेला दिसला की कोणाला काही वावगे वाटत नाही. पण पुण्या-नाशिकच्या मुलींच्या घरी मातृभाषा मराठी ही अट जवळजवळ सगळेच लावतात, त्यामुळे त्यांच्या यादीत तो येतच नाही; आणि ज्या गुजराती घरांना तो दिसतो त्यांना आडनाव वाचल्यावर तो आपल्यातला वाटत नाही. जातीचा खाना 'इतर' होण्याचे मूळही तेच आहे, कारण पुष्कळ ठिकाणी जातींची यादी मातृभाषेवरून ठरते.

इंटरेस्टना उत्तरे का आली नाहीत, हेही यातून उलगडते. मुलीच्या निकषांत न बसणाऱ्याकडून आलेला इंटरेस्ट अशी ॲप तिच्या मुख्य पेटीत न टाकता बाजूच्या, गाळलेल्यांच्या पेटीत टाकतात, आणि ती पेटी क्वचितच कोणी उघडते. नकार द्यायलाही आधी पत्र हातात पडावे लागते. आपल्या आईंना हे वाक्य अवश्य वाचून दाखवा.

उत्पन्नाचा कोरा रकाना म्हणजे ॲपच्या लेखी शून्यच. किमान मर्यादा घालून शोधणाऱ्याच्या यादीतून कोरा रकाना गळतो. नेमका आकडा देण्याचा संकोच वाटत असेल तर पट्टा निवडता येतो. तेवढा तरी निवडावा.

मातृभाषेसाठी ग्राहक सेवेला लेखी कळवा, आणि ती बदलल्यावर जातीचा खाना स्वतः उघडून पुन्हा भरा, कारण तो आपोआप सुधारत नाही.

प्रेषक : रावपुऱ्यातील काका

मातृभाषेचे मला सुचलेच नव्हते, हे मान्य करतो. परंतु आता हे खाते काढून टाकून नवेच उघडणे बरे नाही का? नव्या प्रोफाइलला सुरुवातीचे काही दिवस वर दाखवतात, हे मी पुतण्याच्या वेळी प्रत्यक्ष पाहिले आहे. त्याचे ते दिवस तर चुकीच्या यादीत वाया गेले.

प्रेषक : नोंदवही पाहणाऱ्या काकू

नव्याला वर दाखवतात हे खरे आहे, आणि ते दिवस वाया गेले हेही खरे आहे. तरीही मी खाते काढू देणार नाही. भरलेले पैसे आणि झालेली ओळखपत्राची पडताळणी दोन्ही जातील. शिवाय ज्या घरांनी जुने प्रोफाइल पाहिले आहे त्यांना तोच चेहरा नव्या क्रमांकाने दिसला की शंका येते. रोज थोडा वेळ ॲप उघडले तरी प्रोफाइल मागे पडत नाही, कारण अलीकडे सक्रिय असलेल्यांना प्राधान्य मिळते. काकांचे मत वेगळे असू शकते. माझ्याकडे दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत.

प्रेषक : फतेहगंजमधील सभासद

मी स्वतः वर्षभर स्थळे पाहते आहे, म्हणून पलीकडची बाजू लिहिते. माझी तक्रार उलटी आहे : मला रोज वीस-पंचवीस इंटरेस्ट येतात आणि त्यांतले बहुतेक प्रोफाइल न वाचताच पाठवलेले असतात. रात्री जेवणानंतर मी यादी अंगठ्याने वर सरकवत जाते. त्या वेळी चेहरा, वय, उंची, गाव आणि नोकरी एवढेच दिसते. चेहरा नीट दिसला नाही तर मी थांबत नाही. 'माझ्याविषयी' या मजकुरात ताईंच्या भावाने 'साधा, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' असे लिहिले आहे. हे तिन्ही शब्द मी रोज दहा जणांच्या प्रोफाइलवर वाचते. तो कारखान्यात नेमके काय करतो आणि सुट्टीच्या दिवशी काय करतो, याच्या दोन ओळी असत्या तर मी थांबले असते.

आणखी एक विचारते, राग मानू नये. लग्नानंतर बडोद्यातच राहायचे, की तो पुण्याला यायला तयार आहे? प्रोफाइलमध्ये याबद्दल काहीच नाही. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी गाव पाहूनच पुढे जातात, कारण नोकरी सोडावी लागेल असे त्या गृहीत धरतात.

प्रेषक : मांजलपूरची सभासद

सर्वांचे मनापासून आभार. मातृभाषा चौथ्या दिवशी बदलून मिळाली, जातीचा खाना आणि उत्पन्नाचा पट्टा भरला. त्यानंतरच्या चार दिवसांत प्रोफाइल १९ वेळा उघडले गेले, म्हणजे आधीच्या अख्ख्या महिन्यापेक्षा जास्त. मग पाचव्या दिवशी फोटो बदलला. सयाजीबागेत सकाळी आठच्या उन्हात मीच काढला, कमरेपासून वर, आणि चौकोनात कापल्यावर डोके राहते का ते आधी पाहून घेतले. त्यापुढच्या सात दिवसांत ते ५४ वेळा उघडले गेले, चार घरांतून आपणहून विचारणा झाली आणि नव्याने पाठवलेल्या अकरा इंटरेस्टपैकी दोन स्वीकारले गेले. मजकूर तो स्वतः पुन्हा लिहितो आहे. 'मनमिळाऊ' काढला आहे. आईला काकूंचे वाक्य वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण रात्री तिने त्याला दोनदा वाढले.

फतेहगंजच्या ताईंचा प्रश्न मात्र आमच्या घरात अजून सुटलेला नाही. वडिलांना दर आठवड्याला डायलिसिसला न्यावे लागते, म्हणून त्याला बडोदे सोडता येत नाही. हे प्रोफाइलमध्ये स्पष्ट लिहावे, म्हणजे ज्यांना चालणार नाही त्या आधीच थांबतील, असे त्याचे म्हणणे आहे. मला वाटते की ते पहिल्या फोनवर सांगावे. काकू, तुमच्या वहीतल्या घरांनी अशा वेळी काय केले?

प्रेषक : नोंदवही पाहणाऱ्या काकू

बडोद्यातच राहणार हे प्रोफाइलमध्ये लिहा, आणि त्याचे कारण पहिल्या फोनवर सांगा. वडिलांचे आजारपण अनोळखी माणसांनी चाळण्याच्या यादीत नको. विचारणा थोड्या कमी होतील. त्या स्वीकारलेल्या दोघींना मात्र त्याने आजच फोन करावा, कारण स्वीकारून आठवडाभर कोणी बोलले नाही की मुलीकडचे पुढच्या स्थळाकडे वळतात.