चार कॅमेरे, एक एसएमपीएस आणि गेटवरचा कॅमेरा रात्री बंद. एकच सप्लाय ठेवावा की वेगवेगळे?

द्राक्षबाग_निफाड:
घराला तीन कॅमेरे आहेत, सगळे तीस मीटरच्या आत, चौथा बागेच्या गेटवर, वायर मोजली तर ऐंशी मीटर. सगळे बुलेट कॅमेरे, तीन पॉवरच्या तारा आणि एक व्हिडिओची अशी थ्री प्लस वन केबल, घरात ५ अँपिअरचा चार चॅनेलचा एसएमपीएस आणि त्याला इन्व्हर्टर. दिवसभर चारही मस्त चालतात पण अंधार पडला की गेटवालाच जातो, टक आवाज येतो, दोन मिनिटं काळा मग परत येतो आणि परत जातो. वायरमन म्हणतो १० अँपिअरचा घ्या. घ्यावा का? की गेटला वेगळा अ‍ॅडॉप्टर लावू?

साई_इलेक्ट्रिकल्स:
भाऊ वायरमन बरोबर सांगतोय, चार कॅमेऱ्यांना ५ अँपिअर काठावरच असतो, रात्री लाइट लागल्या की कमी पडतो. १० वाला घ्या आणि त्यात आउटपुटजवळ छोटा स्क्रू असतो तो फिरवून साडेतेरा करा. मी असे बरेच जागेवर केलेत, चालतात.

जुना_टेक्निशियन:
साईभाऊ, स्क्रूचं अर्धं बरोबर आहे पण अँपिअरचं नाही. असा कॅमेरा रात्रीची आयआर लाइट लागल्यावर साधारण ०.४ अँपिअर खातो, चार मिळून दीड-पावणेदोन झाले, ५ चा सप्लाय आरामात देतो. मोठा सप्लाय आणला तरी व्होल्टेज १२ च राहणार आणि वायर तीच बारीक राहणार. बाकी तिघे व्यवस्थित चालतायत म्हणजे सप्लाय ठीक आहे, गडबड त्या ऐंशी मीटरमधे आहे.

निफाडकर, एक काम करा. गेटच्या कॅमेऱ्याची पॉवरची पिन दोन्ही टोकाला काढा, गेटकडे लाल-काळी एकमेकांना जोडा आणि घराकडून मल्टिमीटरने ओहम बघा. म्हणजे जाण्यायेण्याच्या १६० मीटर तारेचा रेझिस्टन्स एकदम कळतो. मग कॅमेरा परत जोडून गेटवर व्होल्टेज बघा. कॅमेरा चालू असतानाच मोजायचं हं, पिन काढून मोजलं तर करंटच वाहत नाही मग तिथंही १२ च दिसतील आणि वायर चांगली आहे असं वाटेल. रात्रीची वाट बघायची गरज नाही, कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं फडकं टाका, आयआर लागतो.

पोल्ट्री_सातारा:
माझं मत सरळ आहे, एका सप्लायवर सगळे कॅमेरे ठेवूच नये. आमच्या शेडला असंच होतं, एसएमपीएस जळला आणि चारही कॅमेरे एका रात्रीत बंद, नेमकी त्याच रात्री मोटारीची केबल चोरीला गेली. तेव्हापासून प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर, ड्रॉपचा प्रश्नच नाही.

द्राक्षबाग_निफाड:
मोजलं. रेझिस्टन्स ११ ओहम. फडकं न टाकता गेटवर १०.३ व्होल्ट, फडकं टाकलं तर साडेसातच्या आसपास येतं आणि कॅमेरा जातो, मग परत वर चढतं. गेटवर बल्बची लाइन आहे पण ती इन्व्हर्टरवर नाही.

जुना_टेक्निशियन:
बघा, हिशोब जुळतोय. दिवसा ०.१५ अँपिअर म्हणून ११ ओहममधे दीड-पावणेदोन व्होल्ट पडतात, कॅमेरा सहन करतो. रात्री ०.४ झाला की साडेचार पडतात आणि उरतात साडेसात. बरेचसे कॅमेरे ९ च्या खाली गडबडतात. त्यात व्होल्टेज पडलं की तेवढीच पॉवर ओढायला कॅमेरा करंट अजून वाढवतो, मग अजून पडतं, मग बंद, बंद झाला की लोड गेला, व्होल्टेज वर, परत चालू. तुम्हाला ऐकू येतंय ते टक म्हणजे कॅमेरा सुरू होताना आतली फिल्टरची काच सरकते त्याचा आवाज.

साईभाऊंचा साडेतेराचा उपाय केला तर गेटला ९.१ मिळतील, म्हणजे काठावर. आज चालेल, पावसाळ्यात जॉइंटला हिरवं चढलं की परत फोन येईल. वायरचं टोक ब्लेडने खरवडून पण बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम आहे, तिच्यात रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपट तरी असतो.

साई_इलेक्ट्रिकल्स:
ठीक आहे अँपिअरचं मान्य, पण शेतकऱ्याला खोदायला लावण्यापेक्षा स्क्रू फिरवणं फुकट आहे ना. थ्री प्लस वनमधे तिसरी तार मोकळी असते, तीपण काळीला जोडा.

सोसायटी_चिंचवड:
आमच्याकडे उलटं आहे, पार्किंगच्या भिंतीवर चार कॅमेरे, अंतर फक्त बारा-बारा मीटर, एकच वायर पुढे पुढे नेलीय आणि शेवटचा कॅमेरा रात्री लुकलुकतो. एवढ्या कमी अंतरात पण ड्रॉप होतो का? का कॅमेराच खराब?

जुना_टेक्निशियन:
होतो, कारण तुमच्या पहिल्या बारा मीटरमधून चारही कॅमेऱ्यांचा करंट जातो, रात्री १.६ अँपिअर, दुसऱ्या तुकड्यातून तिघांचा, असं सगळं साचत साचत शेवटच्याला कमी मिळतं. प्रत्येकाला सप्लायपासून वेगळी जोडी ओढा, नाहीतर निदान सप्लाय मधे आणून दोन्हीकडे दोन-दोन वाटा. कॅमेऱ्याची शंका असेल तर शेवटचा काढून पहिल्याच्या जागी लावून बघा.

साईभाऊ, तिसरी तार चांगली सुचवलीत. एका बाजूचे साडेपाच ओहम अर्धे होतील म्हणजे एकूण ११ चे सव्वाआठ, सव्वातीन व्होल्ट पडतील. स्क्रू आणि ही तार दोन्ही केलं तर गेटला १० च्या वर जाईल. जवळच्या तिघांना साडेतेराने बहुतेक काही होणार नाही, पण त्यांच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे किती टक्के चालतं ते वाचूनच फिरवा.

पोल्ट्री_सातारा:
इतकी कसरत करण्यापेक्षा गेटवर बल्बची लाइन आहे ना, पाण्यापासून सुरक्षित डबा, अ‍ॅडॉप्टर, विषय संपला.

जुना_टेक्निशियन:
दादा, लाइट गेली की गेटच आंधळं होणार, आणि चोर त्याच वेळेला येतो. तुमच्या शेडला लाइन कायम असेल, निफाडकरांची तशी नाही. एक सप्लाय जळला की सगळे जातात हे तुमचं खरं आहे, म्हणून मी एक जादा सप्लाय घरात ठेवायलाच सांगतो, तो बदलायला दहा मिनिटं लागतात.

मी असतो तर गेटसाठी घरात वेगळा छोटा २४ व्होल्टचा सप्लाय इन्व्हर्टरवर ठेवला असता आणि गेटवर डब्यात व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लावून १२ केले असते. वायर तीच. २४ वर तारेतून पाव अँपिअरच करंट लागतो, म्हणून तीनएक व्होल्ट पडतात आणि २१ पोचतात, कन्व्हर्टरला ते भरपूर झाले. फक्त कॅमेरा जोडायच्या आधी मीटर लावून कन्व्हर्टर १२ वर सेट करा, नाहीतर २१ थेट कॅमेऱ्यात जातील. नवी वायर ओढायचीच असेल तर दीड एमएमची तांब्याची दोन कोर घ्या, २ ओहम होतील, एक व्होल्टसुद्धा पडणार नाही.

पोल्ट्री_सातारा:
म्हणजे गेटला वेगळा सप्लाय झालाच की, मी तेच म्हणतोय. आणि उन्हात तापलेल्या डब्यात तुमचा कन्व्हर्टर किती दिवस टिकतो? आमच्याकडे एक उन्हाळा पण टिकला नाही.

जुना_टेक्निशियन:
सावलीत लावा आणि २ अँपिअरचा नको, ३ चा घ्या, कमी तापतो. तुमचा जळला त्याला व्होल्टेज वरून किती येत होतं?

द्राक्षबाग_निफाड:
तिसरी तार जोडली, फडकं टाकून ८.७ येतंय. आता जात नाही पण चित्रात आडव्या रेषा सरकतायत, आधी नव्हत्या. स्क्रू फिरवू का थेट २४ वर जाऊ?

जुना_टेक्निशियन:
रेषांचं कारण बहुतेक असं की काळ्या तारेत अजूनही व्होल्टेज पडतंय, मग करंटचा काही भाग व्हिडिओच्या केबलच्या जाळीतून डीव्हीआर आणि जवळच्या कॅमेऱ्यांतून परत जातो. खात्री करायची तर गेटच्या कॅमेऱ्याला तात्पुरती १२ व्होल्टची बॅटरी तिथंच जोडा, रेषा गेल्या तर हेच. आधी ते बघून सांगा, मग स्क्रूला हात लावा.