‘लंब अक्ष’ म्हणजे नेमका कशाला लंब?

अनघा_प
बारावीच्या मुलांची शिकवणी घेते. सराव परीक्षेत एक गणित होतं: ‘0.5 किग्रॅ वस्तुमान आणि 20 सेंमी त्रिज्येच्या पातळ कड्याचे, केंद्रातून जाणाऱ्या अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण काढा.’ निम्म्या मुलांनी 0.02 काढलं, निम्म्यांनी 0.01. माझ्या मते प्रश्नाची भाषाच ढिसाळ आहे. शिवाय ‘लंब अक्ष प्रमेय’ म्हणताना कोण कोणाला लंब, हेही मुलांना सांगता येत नाही. तुम्ही कसं सांगता?

चाकोरीबाहेर
लंब म्हणजे उभा, सरळ अर्थ. कडं टेबलावर आडवं ठेवलं की त्यातून वर जाणारा तो लंब अक्ष. उत्तर 0.02.

गोखले_भौतिक
आणि तेच कडं भिंतीवर टांगलं तर? ‘उभा’ म्हटलं की मुलं खोलीतली दिशा धरतात. इथे लंब आहे तो कड्याच्या प्रतलाला, कडं कसंही धरा.

अनघाताई, प्रश्न ढिसाळ आहे हे खरंच. केंद्रातून असंख्य अक्ष जातात. प्रतलाला लंब असलेला घेतला तर सगळं वस्तुमान अक्षापासून R अंतरावर, म्हणून MR², म्हणजे 0.5 × 0.04 = 0.02 किग्रॅ·मी². व्यासावरचा घेतला तर 0.01. ‘केंद्रातून जाणारा व प्रतलाला लंब’ किंवा ‘व्यासावरचा’ यांपैकी एक काहीतरी लिहायलाच हवं होतं. मी दोन्ही उत्तरांना गुण दिले असते.

प्रमेयात तीन अक्ष असतात, तिन्ही एकमेकांना लंब आणि एकाच बिंदूतून जाणारे. दोन प्रतलात पडलेले, तिसरा प्रतलाला लंब. कड्यावरचा एखादा कण घ्या. लंब अक्षापासून त्याच्या अंतराचा वर्ग x² + y². हे पायथागोरसच. त्यातला y² हा x-अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग आणि x² हा y-अक्षापासूनच्या. सगळ्या कणांची बेरीज केली की

I_z = I_x + I_y

कड्याचे सगळे व्यास सारखेच, म्हणून I_x = I_y, आणि व्यासाभोवती MR²/2. व्यासाभोवती थेट काढायचं तर संकलन करावं लागतं, ते वाचतं. तबकडीचंही तसंच: लंब अक्षाभोवती MR²/2, तर व्यासाभोवती MR²/4.

चाकोरीबाहेर
मान्य. म्हणजे लंब अक्षाचं नेहमी प्रतलातल्याच्या दुप्पट. मग कड्याच्या स्पर्शिकेभोवती प्रतलात 0.03 येतं, तर त्याच बिंदूतून प्रतलाला लंब अक्षाभोवती 0.06.

गोखले_भौतिक
नाही, इथेच पाय घसरतो. ‘दुप्पट’ हे प्रमेय नाही, प्रमेय बेरजेचं आहे. दोन्ही आडवे अक्ष सारखे असतील तरच दुप्पट. काठावरच्या बिंदूतून प्रतलात दोन अक्ष काढा: एक स्पर्शिका, दुसरा तिला लंब. हा दुसरा केंद्रातून जातो, म्हणजे तो व्यासच! म्हणून 0.03 + 0.01 = 0.04. समांतर अक्षाने ताडून पाहा: केंद्रातलं 0.02, त्यात MR² म्हणजे आणखी 0.02. जुळलं. मुलाने 0.06 लिहिलं की समजावं, त्याने सूत्र पाठ केलंय, अक्ष काढलेले नाहीत.

लोखंडे_फॅब्रिकेशन
आमच्या ग्राइंडरच्या चाकाला मधे भोक असतं. मग ती तबकडी धरायची का कडं? आणि चाक हलतं त्याला हेच कारण का?

गोखले_भौतिक
दोन्हींच्या मधलं. बाहेरची त्रिज्या 50 मिमी, भोकाची 8 मिमी धरली तर तेवढ्याच वजनाच्या बिनभोकाच्या चकतीपेक्षा जडत्व आघूर्ण साधारण अडीच टक्के जास्त भरतं. भोक बरोबर मधोमध असल्याने व्यासाभोवतीचं तरीही निम्मंच. चाक हलण्याची गोष्ट वेगळी. ते असमतोलाने किंवा नीट न बसल्याने हलतं.

अनघा_प
आणि ‘पातळ’? एका मुलाने विचारलं, किती पातळ? मराठीत पातळ म्हटलं की आधी आमटी आठवते.

गोखले_भौतिक
मुलगा हुशार आहे. जाडी आली की प्रत्येक कणाला z सुद्धा येतो. तो I_x मध्येही शिरतो आणि I_y मध्येही, पण I_z मध्ये नाही. त्यामुळे डावी बाजू कमी पडते. t जाडीच्या भरीव चकतीचं व्यासाभोवती MR²/4 + Mt²/12 होतं. 20 सेंमी त्रिज्या आणि 2 सेंमी जाडी असेल तर ही भर MR²/4 च्या 0.33 टक्के. चालवून घ्यावं. जाडी त्रिज्येइतकी झाली की भर 33 टक्के, तिथे हे प्रमेय लावूच नये. सीमारेषा कुठे, ते तुमच्या मोजमापावर.

शब्दवेडा
जुन्या पुस्तकांत जडत्व आघूर्णाला ‘निरूढी परिबल’ म्हटलेलं वाचल्याचं आठवतं. आणि ‘कडं’ कशाला, ‘वलय’ म्हणा की. वलय आपसूक सपाट वाटतं.

अनघा_प
वलय म्हटलं की आमची मुलं शनीकडे जातात. मी प्रश्नात ‘पातळ’च्या जागी ‘जाडी नगण्य असलेले’ लिहीन म्हणते.

चाकोरीबाहेर
लांबलचक होतं. ‘पातळ’च बरं, फक्त अक्षाची आकृती द्या.