प्रतिसाद: आठवडाभर गोड बंद, शनिवारी मात्र अख्खा पॅक

«सोमवार ते शुक्रवार गोडाला हात लावत नाही, पण शनिवारी रात्री आइस्क्रीमचा फॅमिली पॅक एकटीच संपवते. मनोनिग्रह कसा वाढवावा?»

माझ्या मते इथे मनोनिग्रहापेक्षा भूक तपासायला हवी. मी ठाण्याहून ऐरोलीला नोकरीला जाते. दुपारी एकला डबा खाल्ला की रात्री साडेआठपर्यंत पोटात फक्त चहा असे, आणि घरी येताच चॉकलेट दिसले की ते संपेपर्यंत हात थांबत नसे. संध्याकाळी साडेपाचला मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे खाऊ लागल्यावर ही ओढ दोनतीन आठवड्यांत बरीच ओसरली.

दुसरा बदल असा की गोड मी रात्रीच्या जेवणानंतर लगेच, वाटीत काढून, बसून खाते आणि डबा आधीच फ्रीजरमध्ये परत ठेवते. आइस्क्रीममध्ये हवा मिसळलेली असल्याने १०० मिलीच्या कपाचे वजन साधारण ५०–६० ग्रॅमच भरते, म्हणजे साध्या प्रकारात सुमारे १००–१२० कॅलरी. ७०० मिलीच्या पॅकमध्ये असे सात कप असतात. मंगळवारी एक आणि शनिवारी एक असे दोन कप ठरवून खाल्ले, तरी ते एकदम संपवलेल्या पॅकच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतात. एखाद्या दिवशी जास्त खाल्ले गेलेच, तर दुसऱ्या दिवशीचा नाश्ता कृपया टाळू नका, कारण त्याच उपासातून पुढची खाखा सुरू होते. मात्र लपून खाणे किंवा नंतर मुद्दाम उलटी काढणे होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा.